पाठीमागे कोण होतं?

अब्बांच्या इंतकालानंतर वर्षभर मला एकच स्वप्न पडत होतं. गावातल्या आमच्या घराच्या बोळातून मी पळतोय. मागून पावलं वाजतात, पण वळून बघायची हिंमत होत नाही. पाय जड होतात आणि जाग येते, बहुधा फजरच्या अजानच्या थोडं आधी.

बायको म्हणाली, "एखाद्या मौलानांना विचारा." मी त्याऐवजी एक वही केली. स्वप्न पडलं की तारीख लिहायची आणि आदल्या संध्याकाळी काय घडलं तेही. दीड महिन्यात सात नोंदी झाल्या. त्यातल्या पाच वेळा आदल्या संध्याकाळी आपाचा फोन आला होता आणि मी तो उचलला नव्हता.

कारण मला ठाऊक होतं. कपाटात हक्कसोडपत्राचा कागद पडून होता. भाईजाननी तो वकिलाकडून तयार करून घेतला होता. आपाची सही मी आणायची होती. आम्ही दोन भाऊ, एक बहीण. अम्मी आधीच गेलेली. शरियतच्या हिशेबाने घराचे पाच भाग होतात. दोन-दोन आम्हा भावांचे, एक तिचा. तो एक भाग तिने 'राजीखुशीने' सोडावा, अशी अपेक्षा होती. तिच्याकडे सही मागायची लाज वाटायची आणि भाईजानना नाही म्हणवत नव्हतं. म्हणून रोज रात्री 'उद्या बघू' म्हणत तो विचार मी दूर ढकलायचो.

तिथेच गफलत होती. डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह २००४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात काही विद्यार्थ्यांना झोपण्याआधी पाच मिनिटं ओळखीच्या एका व्यक्तीचा विचार मनात येऊ द्यायचा नाही असं सांगितलं होतं. त्यांना ती व्यक्ती स्वप्नात इतरांपेक्षा जास्त दिसली. स्वप्नांच्या झोपेत मनावरचा पहारा सैल पडतो आणि दडपलेलं वर येतं. ही झोप पहाटेकडे लांबत जाते आणि तेव्हा हातापायांचे स्नायू ढिले पडलेले असतात. माझे जड पाय कदाचित त्यातलेच.

माझ्या स्वप्नात आपाचा चेहरा नव्हता, म्हणून धागा सापडायला वही लागली. प्रत्येक पाठलागाचं कारण असं टाळलेलं कामच असतं, असं मात्र नाही. तापातही अशी स्वप्नं पडतात. अपघात किंवा मारहाण सोसलेल्या माणसाला ती वारंवार पडत असतील, तर डॉक्टरांकडे जाणंच बरं.

एका रविवारी कागद घरीच ठेवून मी आपाकडे गेलो. म्हणालो, "घरात पाचवा हिस्सा तुझा आहे. मी सही मागणार नाही."

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "हे सांगायला वर्ष लागलं तुला?"

त्यानंतर ते स्वप्न दोनदा पडलं, मग थांबलं. भाईजान अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. पण त्यांचा फोन आला की मी उचलतो.