चाळीस अंशांची चूक

खालापूरला मुलाच्या घराची आखणी सुरू होती. माझ्या मोबाइलमधील पूर्व आणि मिस्त्रींच्या होकायंत्रातील पूर्व यांत ४० अंशांचा फरक पडला. पाया खणणे थांबवावे लागले.

दोष मोबाइलच्या कव्हरवरील चुंबकी बटणाचा निघाला. मोबाइलमधील मॅग्नेटोमीटर पृथ्वीचे क्षीण चुंबकीय क्षेत्र तीन अक्षांवर मोजतो. शेजारच्या चुंबकाचे क्षेत्र त्यात मिसळले, की त्या बेरजेलाच तो उत्तर मानतो. मोबाइल आठच्या आकारात फिरवल्याने स्थिर, लहान चूक वजा होते. झाकणातील चुंबक मात्र प्रत्येक उघडझापीत जागा बदलते. कव्हर काढून मोबाइल पुन्हा फिरवला, तेव्हा दोन्ही दिशा जुळल्या.

मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याचे चुंबकीय मापन १९०४ साली आपल्या अलिबागेस हलवले गेले. त्यामागचे कारण मला त्या दिवशी उमगले.