वाक्य कोठे तोडावे?

माहितीपटाच्या पडद्यावर तळाशी जी उपशीर्षके उमटतात, त्यांचा मजकूर आमच्या हाती येतो तो बहुधा सलग परिच्छेदाच्या रूपाने; आणि त्या परिच्छेदाचे, प्रत्येकास स्वतःची आरंभवेळ व अंतवेळ असलेले, दोन ओळींहून मोठे नसलेले खंड पाडणे हा माझा व्यवसाय आहे. ज्या शर्तींवर हे काम चालते त्या थोडक्यात अशा: एका ओळीत फार तर 42 चिन्हे, एका खंडात फार तर दोन ओळी, खंडाचा पडद्यावरील मुक्काम सुमारे पाऊण सेकंदाहून कमी नाही व 7 सेकंदांहून अधिक नाही, आणि वाचकावर पडणारा भार दर सेकंदास 17 चिन्हांच्या आत. या शर्तींचे पालन यंत्रही करू शकते. परंतु शर्तींचे पालन झाले म्हणजे उपशीर्षक झाले, असा जो समज दृढ झालेला आहे तो मला घातक वाटतो, आणि त्याचे कारण एका उदाहरणाने सविस्तर सांगावे असा या लेखाचा हेतू आहे.

दुष्काळाच्या वर्षी गाव सोडलेला एक वृद्ध शेतकरी कॅमेऱ्यासमोर बोलत आहे असे समजावे. श्रवणदोष असलेल्या प्रेक्षकांसाठी त्याचेच शब्द मराठीत द्यावयाचे असून, टंकलेखकाने ते असे उतरवून दिले आहेत: «विहिरीला पाणी होतं तोवर आम्ही इथंच राहिलो, पण त्या वर्षी पाऊस आलाच नाही म्हणून वडिलांनी बैल विकले आणि आम्ही सगळे मुंबईला निघालो.» मोकळ्या जागा व विरामचिन्हे धरून ही 128 चिन्हे होतात. पायथॉनमधील `textwrap.wrap(text, 42)` या आज्ञेकडे हा मजकूर सोपविला, तर ती प्रत्येक ओळीत मावतील तेवढे शब्द भरीत जाते आणि पुढचा शब्द मावेनासा झाला की ओळ तोडते. तिचा निकाल असा:

```
विहिरीला पाणी होतं तोवर आम्ही इथंच राहिलो,
पण त्या वर्षी पाऊस आलाच नाही म्हणून
वडिलांनी बैल विकले आणि आम्ही सगळे मुंबईला
निघालो.
```

एकाही ओळीने 42 ची मर्यादा ओलांडलेली नाही, दोन-दोन ओळींचे दोन खंडही व्यवस्थित पडतात, आणि तरीही हे काम परत पाठविण्याच्या योग्यतेचे आहे. पहिला खंड «म्हणून» या शब्दापाशी संपतो, म्हणजे कारण सांगून झाल्यावर कार्याची अपेक्षा उत्पन्न करून तो पडद्यावरून नाहीसा होतो. दुसऱ्या खंडात «निघालो» हे एकटे क्रियापद खालच्या ओळीत पडून राहते. मराठी वाक्याचा अर्थ बहुधा अंत्य क्रियापदापाशी पुरा होतो, त्यामुळे वाचकाची दृष्टी क्रियापद सापडेपर्यंत कर्ता, कर्म आणि स्थळ हे सारे स्मरणात धरून ठेवते. हे ओझे तिने ओळ ओलांडून, किंवा त्याहून वाईट म्हणजे खंड ओलांडून वाहावे, ही अपेक्षा अन्याय्य आहे. म्हणून «पण», «म्हणून», «आणि», «की» ही अव्यये नेहमी पुढच्या उपवाक्याच्या आरंभी ठेवावीत, विशेषणाची विशेष्यापासून ताटातूट करू नये, आणि «निघालो होतो» यासारखी संयुक्त क्रियापदे कधीही फोडू नयेत. तोडण्याची जागा प्रथम अर्थाने ठरवावी. 42 चा आकडा त्यानंतर केवळ तपासणीसाठी लावावा.

या क्रमाने गेल्यास तीन खंड पडतात. पहिले उपवाक्य बरोबर 42 चिन्हांचे असल्याने एकाच ओळीत बसते. दुसरे 28 चिन्हांचे आहे. शेवटची दोन मिळून एक खंड होतो, त्याच्या ओळी 25 आणि 30 चिन्हांच्या.

आता प्रश्न वेळेचा. हे बोलणे 2 मिनिटे 14.2 सेकंदांवर सुरू होऊन 2 मिनिटे 25.4 सेकंदांवर संपते, म्हणजे एकूण 11.2 सेकंद चालते. सोपी पद्धत अशी की, हा वेळ चिन्हसंख्येच्या प्रमाणात वाटून द्यावा. त्या हिशेबाने तिसरा खंड 2:20.5 ला अवतरतो. परंतु ध्वनीचा आलेख उघडून पाहिला तर दिसते की, «पाऊस आलाच नाही» एवढे म्हणून तो वृद्ध 2:20 ला थांबला आहे आणि «म्हणून» हा शब्द त्याने उच्चारला आहे तो 2:22 ला. प्रमाणाच्या गणिताला हे दोन सेकंद ठाऊकच नसतात. परिणामी बैल विकल्याची वार्ता वक्त्याच्या मुखातून येण्यापूर्वी दीड सेकंद प्रेक्षकाने वाचून टाकलेली असते, आणि त्या थांबण्यात जो अर्थ होता तो पुसला जातो. यास्तव प्रत्येक खंडाची आरंभवेळ आलेखावरूनच घ्यावी लागते. तशी घेतल्यावर दप्तर असे तयार होते:

```
1
00:02:14,200 --> 00:02:17,520
विहिरीला पाणी होतं तोवर आम्ही इथंच राहिलो,

2
00:02:17,600 --> 00:02:20,400
पण त्या वर्षी पाऊस आलाच नाही

3
00:02:22,000 --> 00:02:25,900
म्हणून वडिलांनी बैल विकले
आणि आम्ही सगळे मुंबईला निघालो.
```

पहिल्या दोन खंडांमधील 80 मिलिसेकंदांचे अंतर म्हणजे सेकंदास 25 चौकटी धरल्यास दोन चौकटी. एवढ्याने मजकूर बदलल्याची जाणीव डोळ्याला होते आणि पट्टी लुकलुकतही नाही. तिसऱ्या खंडात, दोन ओळींमधील जागा धरून, 56 चिन्हे असून ती 3.4 सेकंदांत उच्चारली जातात, म्हणजे वेग दर सेकंदास साडेसोळा, मर्यादेच्या अगदी काठावरचा. बोलणे संपल्यावर खंडास अर्ध्या सेकंदाची मुदतवाढ दिली की हा वेग साडेचौदाच्याही खाली येतो. पुढे लगेच दृश्य बदलत नसेल तरच ही मुदतवाढ द्यावी, कारण नव्या दृश्यावर रेंगाळलेली जुनी ओळ प्रेक्षक नकळत पुन्हा वाचू लागतो.

देवनागरीच्या बाबतीत एका गोष्टीचा खुलासा करारातच करून घ्यावा लागतो, तो म्हणजे 42 चिन्हे मोजावयाची ती कशी. «स्त्री» हे डोळ्यांना एकच अक्षर दिसते, पण संगणकाच्या लेखी त्यात स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी अशी सहा चिन्हे असतात. अक्षरसमूह मोजणारी जुनी साधने ती संख्या तीन सांगतात आणि 2023 मधील युनिकोड 15.1 चा नियम पाळणारी साधने एक. आपल्या उदाहरणातील पहिली ओळ संगणकाच्या मोजणीने 42 भरते, तर अक्षरे, स्वल्पविराम व मोकळ्या जागा मोजल्यास अवघी 26. एकाने एक मोजणी गृहीत धरली व दुसऱ्याने दुसरी, तर ओळी पडद्याबाहेर तरी जातात किंवा निष्कारण आखूड तरी होतात. याहून अनिष्ट प्रकार म्हणजे शब्दाची सीमा न पाहता नेमक्या 42 व्या चिन्हानंतर तोडणारी साधने: त्यांच्या हातून काना किंवा वेलांटी आपल्या व्यंजनापासून तुटते, आणि पुढच्या ओळीच्या आरंभी ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकलेली मात्रा दिसते. अशी एक खूण जरी आढळली तरी संपूर्ण दप्तराची रुजवात पुन्हा घ्यावी. मोजणी कोणतीही असो, «म» रुंद आणि «र» अरुंद असल्यामुळे अखेरचा निर्णय खऱ्या टंकात, खऱ्या आकारात, सर्वांत लांब ओळ पडद्यावर ठेवूनच करावा लागतो.

काम सुपूर्द करण्यापूर्वी मी ते दोनदा पाहतो. प्रथम आवाज बंद करून, कारण तेव्हा वाचावयास वेळ पुरतो की नाही आणि तोडलेल्या जागी दृष्टी अडखळते की नाही हे कळते. मग आवाज चालू करून, कारण एखादी ओळ वक्त्याच्या पुढे धावत असेल तर ते तेव्हाच उमगते. पहिल्या परीक्षेत सापडलेला दोष ओळी बदलून दुरुस्त होतो, दुसरीतला वेळा बदलून. आणि दोन्हींची मागणी परस्परविरुद्ध पडली, म्हणजे वाचावयास वेळ हवा पण वक्ता थांबत नाही असे झाले, तर शब्द कमी करण्यास लेखकाची संमती मागावी, वक्त्याच्या थांबण्यावर अतिक्रमण करू नये.