सात ते आठ, व्हाया दोन

स्पर्धात्मक प्रोग्रॅमिंगच्या मुलांना मी बरीच वर्षं शिकवतोय. झाडांच्या प्रकरणाशी आलो की एक प्रश्न हमखास येतो. एक लाख नोडचं झाड आहे, प्रत्येक नोडवर एक आकडा आहे आणि हे आकडे मधेच बदलतात. तर अमुक नोडपासून तमुक नोडपर्यंतच्या वाटेवरची बेरीज सांगा, तीही लाख वेळा. दर वेळी वाट चालत गेलात आणि झाड दोरीसारखं लांबट निघालं, तर एकेका प्रश्नाला लाखभर पावलं पडतात.

हेच आकडे सरळ रांगेत असते तर चिंता नव्हती. सेगमेंट ट्री बांधला की रांगेच्या कुठल्याही तुकड्याची बेरीज साधारण सतरा पातळ्यांत मिळते. म्हणून झाडाच्याच साखळ्या करायच्या. प्रत्येक नोडच्या मुलांपैकी ज्याच्या खाली सगळ्यात मोठा पसारा आहे ते ‘जड’ मूल, बाकीची हलकी. जड मुलांमागून खाली जात राहिलं की साखळी होते. पसारा मोजताना नोडची संख्या मोजायची, खोली नव्हे. पुष्कळ मुलं खोल फांदीलाच जड समजतात आणि मग पुढचा हिशेब कोसळतो.

तो हिशेब असा. हलक्या मुलाचं एक जड भावंड असतंच आणि त्याचा पसारा हलक्याइतका किंवा जास्त असतो. म्हणजे हलक्या कडीवरून वर चढलं की हाताखालचा पसारा दुपटीहून मोठा होतो. एकापासून सुरू करून सतरा वेळा दुप्पट केलं की आकडा लाखापलीकडे जातो. त्यामुळे कुठल्याही नोडपासून मुळापर्यंत हलक्या कड्या सोळाहून जास्त असूच शकत नाहीत. वाट थोड्याच साखळ्यांतून जाते, प्रत्येक साखळीला सेगमेंट ट्रीचा एक लॉग लागतो. लॉगचा वर्ग येतो तो इथून.

आता दहा नोडचं झाड घेऊ. मूळ १, त्याची मुलं २ आणि ३. दोनची मुलं ४ आणि ५. चारखाली ६, सहाखाली ७, पाचखाली ८. तीनची मुलं ९ आणि १०. दोनचा पसारा सहा, तीनचा तीन, म्हणून मुख्य साखळी १-२-४-६-७. उरलेल्या साखळ्या ५-८, ३-९ आणि एकटा १०. (९ आणि १० बरोबरीचे, कुणालाही जड म्हणा.) या साखळ्या एकामागोमाग एकाच रांगेत मांडायच्या.

सातपासून आठपर्यंत जायचंय. आठची साखळी पाचपासून सुरू होते, म्हणून ५-८ हा तुकडा घेऊन पाचच्या बापाकडे, दोनकडे, उडी मारायची. आता दोन आणि सात एकाच साखळीत आहेत; २-४-६-७ हा तुकडा घेतला की काम संपलं.

```
while (head[u] != head[v]) {
  if (depth[head[u]] < depth[head[v]]) swap(u, v);
  res += query(pos[head[u]], pos[u]);
  u = par[head[u]];
}
if (depth[u] > depth[v]) swap(u, v);
res += query(pos[u], pos[v]);
```

सगळी मेख दुसऱ्या ओळीत आहे. तिथे `depth[head[u]]` ऐवजी `depth[u]` लिहिलं की घोटाळा. सात हा आठपेक्षा खोल आहे, म्हणून प्रोग्रॅम सातला त्याच्या साखळीच्या टोकापर्यंत, थेट मुळापर्यंत, नेतो आणि तिथून वर ढकलतो. मुळाला बाप नाही, पण अ‍ॅरेत तिथे शून्य पडलेलं असतं. मग ५-८ घेऊन आठ दोनवर येतो, दोनही मुळामार्गे शून्यावर पोचतो, आणि दोघं तिथे भेटतात. प्रोग्रॅम कोसळत नाही, तक्रार करत नाही, फक्त उत्तर चुकतं. बेरजेऐवजी वाटेवरचा सर्वांत मोठा आकडा विचारला असेल, तर मुळावर फार मोठा आकडा नसेपर्यंत तेही चुकत नाही! मी स्वतः ही चूक घेऊन एक अख्खी संध्याकाळ बसलोय, सेगमेंट ट्रीवर संशय घेत.

तेव्हापासून तपासायची एक युक्ती मुलांना देतो. दहाच नोड घ्या आणि आकडे ठेवा १, १०, १००, १०००, असे. म्हणजे पहिल्या नोडचा एकक, दुसऱ्याचा दशक. बेरीज आली की प्रत्येक स्थानावरचा अंक सांगतो, तो नोड किती वेळा मोजला गेला. सात ते आठचं बरोबर उत्तर 11111010. चुकीचा प्रोग्रॅम छापतो 11111022. शेवटचे दोन अंक पाहिले की कळतं: मूळ वाटेवर नसताना दोनदा मोजलं, आणि दोन नंबरचा नोड एकाऐवजी दोनदा.