आमगावच्या शाखेतली दोन मिनिटं

उद्या शाखा उघडण्याआधी बैठक. नवा शाखाधिकारी म्हणून मला बोलायचंय. वरिष्ठ कार्यालयाकडे दिलेला माझा परिचय पानभर आहे, पण तो वाचून दाखवायचा नाही. सावकाश बोललं तर दोन मिनिटांत सव्वादोनशेच्या आसपास शब्द बसतात. पदव्या आणि बदल्याच तेवढी जागा खातील.

त्यातलं एकच वाक्य उचललं: ‘कृषी कर्जाचा दीर्घ अनुभव.’ कागदावर शोभतं, पण ऐकताना हाती काही लागत नाही. म्हणून असं केलं: “भंडाऱ्याला मी धानाची पीककर्जं पाहायचो. धान विकला तरी चुकारा खात्यात येईपर्यंत शेतकऱ्याला कर्ज फेडता येत नाही, हे तिथे जवळून पाहिलं.” यातून माझं काम कळतं, आणि वसुलीकडे मी कसं पाहतो तेही.

बदलांची घोषणा करणार नाही. काउंटरवरच्या अडचणी अजून मला कुठे ठाऊक आहेत? आधी प्रत्येकाच्या टेबलाशी बसेन, एवढंच सांगेन.

घड्याळ लावून मोठ्याने बोलून पाहिलं. जिथे दम लागला, तिथलं वाक्य लेखीच राहिलं होतं. त्याची दोन केली. बोलून झालं की रोखपालांना विचारायचंय, चुकाऱ्याच्या दिवसांत गर्दी किती वाजता सुरू होते.