लॉगिन पानाच्या बारा टेस्ट केसेस आणि एक चुकलेला हिशोब

इंटर्नशिपच्या तिसऱ्या दिवशी टीमलीड मॅडमनी मला पहिलं स्वतंत्र काम दिलं. आमची टीम शिक्षकांनी रोजची हजेरी भरायचं एक अ‍ॅप्लिकेशन बनवत होती. त्याच्या लॉगिन पानासाठी मला टेस्ट केसेस लिहायच्या होत्या. पान अगदी साधं होतं. ईमेलचा एक रकाना, पासवर्डचा एक रकाना आणि खाली 'लॉगिन'चं बटण. मनात आलं, यात तपासायचं ते काय? बरोबर माहिती दिली तर आत जाता आलं पाहिजे, चुकीची दिली तर नाही. अर्ध्या तासात चार केसेस लिहून मी मॅडमना दाखवल्या.

त्यांनी शीट वाचली आणि 'अपेक्षित निकाल' या रकान्यावर बोट ठेवलं. तिथे मी तीन वेळा 'एरर आली पाहिजे' असं लिहिलं होतं.

"कुठली एरर? कुठल्या शब्दांत? एरर आल्यावर ईमेल रकान्यात तसाच राहणार की पुसला जाणार? तुझी शीट उद्या दुसऱ्या कुणाच्या हाती दिली, तर पास म्हणायचं की फेल, हे तिला कसं कळणार?"

टेस्ट केस म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. कॉलेजात व्याख्या पाठ केली होती, पण केस वाचून दोन वेगळ्या माणसांनी एकच निकाल द्यायला हवा, ही गोष्ट त्या व्याख्येतून हाती लागली नव्हती. मी शीट नव्याने मांडली. प्रत्येक केसला क्रमांक, आधीची स्थिती, टप्पे, वापरायची माहिती आणि अपेक्षित निकाल. ईमेल किंवा पासवर्ड चुकला तर पानावर 'ईमेल किंवा पासवर्ड चुकीचा आहे' एवढंच यावं, असं आमच्या रिक्वायरमेंटमध्ये लिहिलेलं होतं. दोन्हींपैकी नेमकं काय चुकलं ते सांगायचं नाही. 'हा ईमेल नोंदलेला नाही' असं पान सांगू लागलं, तर कुणीही वेगवेगळे ईमेल टाकून कुणाचं खातं आहे आणि कुणाचं नाही याची यादी काढू शकतो. म्हणून ते वाक्य मी शब्दशः अपेक्षित निकालात उतरवलं.

संध्याकाळपर्यंत चाराच्या बारा केसेस झाल्या. त्यांतल्या दोनतीन मला घरी पाहिलेल्या गोष्टींवरून सुचल्या. माझी अम्मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिच्या फोनचा कीबोर्ड ईमेल सुचवतो, ती त्या सूचनेवर बोट ठेवते आणि ईमेलच्या शेवटी एक रिकामी जागा पडते. ती जागा डोळ्यांना दिसत नाही. अम्मी मात्र दर वेळी "अगं, बरोबर तर टाकलंय!" म्हणत राहते. कधी कीबोर्ड पहिलं अक्षर आपणहून मोठं करतो. म्हणून ईमेल मोठ्या अक्षरांत टाकून पाहायची एक केस लिहिली. शेवटी रिकामी जागा असलेल्या पासवर्डचीही एक लिहिली, कारण तिथे नियम उलटा आहे. ईमेलमागची जागा प्रोग्रामने काढून टाकली तर बिघडत नाही, पण पासवर्डमध्ये रिकामी जागा हे एक अक्षरच आहे. ती जास्तीची पडली तर पासवर्ड चुकलाच समजायचा.

रिक्वायरमेंटमध्ये आणखी एक वाक्य होतं: 'पाच वेळा चुकीचा पासवर्ड दिल्यास खाते 30 मिनिटांसाठी बंद होईल.' त्याच्या केसेस वेगळ्या शीटमध्ये लिहायचं ठरवून मी ते बाजूला ठेवलं.

दुसऱ्या दिवशी बारा केसेस एकामागून एक चालवायला घेतल्या. चाचणीसाठी मला एक खातं मिळालं होतं, सगळीकडे तेच वापरत गेले. दहा केसेस पास झाल्या. अकरावीत ईमेल बरोबर पण पासवर्ड दुसऱ्याच खात्याचा, असं टाकायचं होतं. अपेक्षित होतं 'ईमेल किंवा पासवर्ड चुकीचा आहे.' पानावर आलं, 'आपले खाते 30 मिनिटांसाठी बंद करण्यात आले आहे.' बारावी केस लॉगआउट केल्यावर ब्राउझरचं मागे जायचं बटण दाबून पाहायची होती. त्यासाठी आधी आत जावं लागतं, आणि खातंच बंद! ती चालवताच आली नाही.

मी धावत मॅडमकडे गेले. त्यांनी शीट वरून खाली पाहिली आणि म्हणाल्या, "एकाच खात्यावर इतक्या चुका केल्यास, मग ते बंद होणारच. एका केसचा खरकटा हात दुसरीला लागता कामा नये. प्रत्येक केसला वेगळं खातं घे, आधीच्या स्थितीत ते लिही आणि पुन्हा चालव."

बोलणं रास्त होतं. मी बारा खाती तयार करून घेतली आणि सगळ्या केसेस पुन्हा चालवल्या. बाराच्या बारा पास. शीट हिरवीगार झाली, मी ती पाठवून दिली आणि सुटल्यासारखं वाटलं.

रात्री होस्टेलवरून अम्मीला फोन केला. दिवसभराची हकिकत सांगताना खातं कसं बंद पडलं तेही सांगितलं. ती हसून म्हणाली, "माझा पासवर्ड आठवड्यातून एकदा तरी चुकतोच. दुसऱ्यांदा नीट टाकला की होतं. पाच चुकांत बंद करत असतील तर माझं कठीणच आहे!"

मी म्हणाले, "अम्मी, तशा पाच नाही गं. मध्ये बरोबर टाकलास की हिशोब संपला."

हे बोलले आणि थबकले. मध्ये मीही बरोबर टाकला होता.

वही काढून सकाळचा क्रम पुन्हा लिहिला. दुसऱ्या केसमध्ये पासवर्ड चुकीचा, ही पहिली चूक. तिसऱ्या-चौथ्यात ईमेलच वेगळा होता, त्या या खात्यावर मोजल्या जाणार नाहीत. पाचवीत रकाने रिकामे ठेवले होते, ते पानानेच अडवलं. सहावीत पासवर्डचं एक अक्षर लहानाचं मोठं केलं, दुसरी चूक. सातवीत बरोबर पासवर्ड टाकून एंटर दाबलं आणि आत गेले. आठवीत शेवटी रिकामी जागा, तिसरी चूक. नववीत एक अक्षर कमी, चौथी. दहावीत मोठ्या अक्षरांतला ईमेल, बरोबर पासवर्ड, पुन्हा आत. आणि अकरावी, पाचवी चूक. बेरीज पाच होती खरी. पण शेवटच्या यशस्वी लॉगिननंतर चूक फक्त एकच झाली होती.

म्हणजे बरोबर पासवर्ड दिल्यावरही जुन्या चुका पुसल्या जात नव्हत्या. माझी शीट चुकीची लिहिली होती म्हणून ते दिसलं आणि मी ती दुरुस्त केली तेव्हा पुन्हा झाकलं गेलं. वेगळ्या खात्यांवर प्रत्येकी एखादीच चूक होत होती, मग पाचापर्यंत पोचणार कोण?

सकाळी बग नोंदवण्याआधी तो मुद्दाम घडवून पाहिला. कोरं खातं घेतलं, चार वेळा चुकीचा पासवर्ड टाकला, पाचव्यांदा बरोबर टाकून आत गेले आणि लॉगआउट केलं. मग चाचणीच्या डेटाबेसमध्ये पाहिलं:

```
SELECT failed_attempts, locked_until
FROM users
WHERE email = 'test04@example.com';
```

`failed_attempts` मध्ये 0 हवं होतं, तिथे 4 होतं. त्यानंतर एकच चूक केली आणि खातं बंद.

डेव्हलपर दादाने मात्र बग 'रिक्वायरमेंटप्रमाणेच आहे' असा शेरा मारून परत पाठवला. तोही खोटा नव्हता. वाक्यात 'पाच वेळा' होतं, 'सलग' हा शब्द नव्हता. मी गप्प बसणार होते, पण मॅडम म्हणाल्या, "वापरणाऱ्याचं काय होतं ते लिही." मग बगमध्ये अम्मीचा हिशोब लिहिला: शिक्षिका रोज लॉगिन करते, आठवड्यातून एकदा पासवर्ड चुकतो, लगेच दुरुस्त करून ती आत जाते. पाचव्या आठवड्यात, पहिल्याच चुकीला, ऐन हजेरीच्या वेळी तिचं खातं अर्धा तास बंद. तिने तक्रार केली तरी तपासणाऱ्याला त्या दिवशीची एकच चूक दिसेल आणि कारण सापडणार नाही.

मॅडमनी त्याखाली एक दाखला जोडला. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेच्या 2017च्या 800-63बी या दस्तऐवजात चुकलेल्या प्रयत्नांवर मर्यादा घालताना 'सलग' असंच म्हटलं आहे. यशस्वी लॉगिननंतर त्याच आयपी पत्त्यावरून आधी झालेल्या चुका सोडून द्याव्यात, अशी शिफारसही त्यात आहे. दुपारी रिक्वायरमेंटमध्ये 'सलग' हा शब्द आला. दादाने यशस्वी लॉगिननंतर मोजणी शून्य करणारी एक ओळ घातली.

त्यानंतर मी बंद खात्याची शीट लिहिली. चार चुकांनंतर खातं चालू, पाचवीला बंद. बंद असताना बरोबर पासवर्ड टाकला तरी आत जाता येत नाही. चार चुका, एक यश, पुन्हा चार चुका, तरी चालूच. मुदत संपल्यावर एक चूक केली तर लगेच पुन्हा बंद होत नाही. दर वेळी अर्धा तास थांबायला नको म्हणून चाचणीच्या सर्व्हरवर मुदत 2 मिनिटांची करून घेतली होती. पूर्ण 30 मिनिटांची केस मात्र एकदा, घड्याळ लावून, खरीखुरी चालवली.

वेगळ्या खात्यांचा नियम मी आजही पाळते. पण शीटच्या शेवटी एक केस मुद्दाम ठेवते. एकच खातं, एक माणूस, आठवडाभराचं येणं-जाणं आणि मधूनमधून होणाऱ्या चुका. आधीच्या स्थितीच्या रकान्यात त्या केसला लिहिते, 'खाते कालचेच.'