ओलान्झापिन उतरवताना

६ जानेवारी २०२५

इचलकरंजीचा यंत्रमाग कामगार, वय ३४, थोरल्या भावाबरोबर आला. ओलान्झापिन रात्री १५ मिलिग्रॅम, दोन वर्षे. संशय आणि आवाज पूर्ण शांत आहेत. पण वजन ६८ किलोवरून ८९ झालं, एचबीए१सी ६.३, आणि सकाळी दहापर्यंत डोळे उघडत नाहीत. आधी मेटफॉर्मिन जोडून बघता आलं असतं, तसं सुचवलंही. तो म्हणाला, "सर, ही गोळी मी आता घेणारच नाही." दिवाळीनंतर मधून मधून चुकवतोही आहे, हे भावाने हळूच सांगितलं. मग ठरवून बदलणं बरं, नाहीतर तो आपण होऊन एके दिवशी बंद करील.

बदल अरिपिप्राझोलवर. वजन आणि साखर या दोन्हींच्या दृष्टीने सोयीचं आहे, आणि त्याचा आजार स्थिर असताना बदल होतोय. आजार उसळलेला असता तर ओलान्झापिन आत्ता काढलं नसतं.

पहिली गोळी लिहिण्याआधी काही गोष्टी कागदावर घेतल्या. वजन, कंबर, उपाशीपोटी साखर, नाडी, रक्तदाब. ओठ, जीभ, बोटं यांच्या आपोआप होणाऱ्या हालचाली आज आहेत का ते पाहिलं, नाहीत. हे आज लिहिलं नाही तर पुढे दिसणारी हालचाल जुनी की नवी, हे कुणाला सांगता येणार नाही. झोप सध्या नऊ तास. विडी नोव्हेंबरात सोडली, आता फक्त तंबाखू मळतो. शेवटी भावाला विचारलं, दोन वर्षांपूर्वी आजार सुरू झाला तेव्हा घरात सगळ्यात आधी काय दिसलं? "खिडकीला चादर लावायचा. आणि फोन वाजला की विचारायचा, माझ्याबद्दल कोण बोललं." हे वाक्य केसपेपरवर वर, मोठ्या अक्षरात.

आजपासून अरिपिप्राझोल ५ मिलिग्रॅम सकाळी. ओलान्झापिनला हात लावायचा नाही.

७ जानेवारी

निवासी डॉक्टरांचा प्रश्न: दोन्ही एकदम का नाही? एक चढवत, दुसरं उतरवत? अनेकदा तसं करतात आणि चालूनही जातं. पण या जोडीत एक अडचण आहे. अरिपिप्राझोलचा अर्धायुकाल सुमारे ७५ तास, त्यामुळे रक्तातली पातळी स्थिरावायला दोन आठवडे लागतात. ओलान्झापिनचा त्याच्या निम्म्याहून कमी, साधारण ३० तास. दोन्ही एकाच दिवशी हलवली तर जुनं उतरलेलं असतं आणि नवं अजून पोहोचलेलं नसतं. म्हणून आधी नव्याचा पूर्ण डोस गाठायचा, दोन आठवडे दोन्ही बरोबर ठेवायची, मग जुनं उतरवायचं.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ओलान्झापिन स्थिर असताना काही बिघडलं, तर ते नव्या गोळीचं. नवं स्थिर असताना जुनं कमी केल्यावर बिघडलं, तर ते कमी करण्याचं. एका वेळी एकच गोष्ट हलवली की दोष कुणाचा ते कळतं.

एक अपवाद त्यांना लिहून घ्यायला सांगितला. अनेक वर्षे जास्त डोसवर असलेल्या रुग्णाचे डोपामिन रिसेप्टर वाढलेले आणि हळवे झालेले असतात. अरिपिप्राझोल त्यांना पूर्ण बंद करत नाही, थोडं चालूही करतं. अशा रुग्णात नवं औषध सुरू होताच आवाज वाढू शकतात. तिथे सुरुवात २ ते ५ मिलिग्रॅमने, आणि प्रत्येक पायरी लांब. क्लोझापिनचा तर विषयच वेगळा, त्याला हे वेळापत्रक लावायचं नाही.

१७ जानेवारी

सोमवारी १० मिलिग्रॅम केलं होतं. आज तो स्वतः आला, बसेना. एका पायावरून दुसऱ्यावर भार. "मागाजवळ उभं राहवत नाही, पाय आतून ओढतात. घरी फेऱ्या मारतो." भावाची भीती एकच, आजार परत येतोय. खिडकी? चादर नाही. फोन? विचारत नाही. ओलान्झापिन तेवढंच आहे, म्हणून हे रिबाउंड असूच शकत नाही. अकाथिसिया.

इथे चूक अशी होते की अस्वस्थता बघून डॉक्टर तिला आजार समजतो आणि अरिपिप्राझोल आणखी वाढवतो. मी परत ५ वर आणलं. दमा नाही, नाडी ८८, म्हणून प्रोप्रॅनोलोल १० मिलिग्रॅम दोनदा, दोन दिवसांनी २० दोनदा. अकाथिसियात माणूस इतका त्रासतो की जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात. ते थेट विचारलं. "नाही, पण हे असंच राहिलं तर सांगता येत नाही," असं म्हणाला. म्हणून दोन दिवसांनी फोन, भावाकडे लक्ष.

२७ जानेवारी

पाय शांत. अरिपिप्राझोल पुन्हा १०, यावेळी प्रोप्रॅनोलोलच्या आधाराने.

१० फेब्रुवारी

१० मिलिग्रॅमवर दोन आठवडे झाले, अस्वस्थता नाही. आज ओलान्झापिन १५ वरून १०. भावाला भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर प्रत्येक बदल लिहून दिला, आणि उरलेल्या १५ च्या पट्ट्या परत मागवल्या. घरात दोन ताकदींच्या पट्ट्या राहिल्या की कुणीतरी चुकीची देतंच.

१३ फेब्रुवारी

भावाचा फोन. दोन रात्री तीन तास झोप, मळमळ, घामाने अंग ओलं.

हे अपेक्षित होतं. ओलान्झापिन डोपामिनबरोबर हिस्टामिन आणि ॲसिटिलकोलिनचे रिसेप्टरही अडवतं. अडवणूक कमी झाली की दोन्ही उसळतात. हिस्टामिन झोप उडवतं, ॲसिटिलकोलिन मळमळ, घाम, जुलाब, बेचैनी देतं. अरिपिप्राझोल ही जागा भरून काढत नाही. त्याची हिस्टामिनवरची पकड सौम्य, ॲसिटिलकोलिनवर जवळपास नाही. नवं औषध पूर्ण डोसला असूनही हा त्रास होतो तो यामुळे.

वेळ तपासली. डोस कमी केल्यावर काही दिवसांत सुरू झालं आणि सोबत शरीराची लक्षणं आहेत. आजार उलटतो तेव्हा सहसा आठवडे किंवा महिने लागतात, आणि घाम-मळमळ नसते, माणसाची जुनी खूण असते. दोन्ही प्रश्न विचारले, चादर नाही, फोनचा संशय नाही.

डोस परत वाढवला नाही. क्लोनाझेपाम ०.५ मिलिग्रॅम रात्री, दहा दिवस, बंद करण्याची तारीख चिठ्ठीवरच. तारीख नसली की ती गोळी वर्षभर चालते. मळमळीला निवासी डॉक्टरने मेटोक्लोप्रमाइड सुचवलं, ते नको म्हटलं. तेही डोपामिन अडवतं, पाय पुन्हा ओढू लागतील. ईसीजी ठीक होता, ऑन्डान्सेट्रॉन दोन दिवस.

३ मार्च

झोप सात तास. क्लोनाझेपाम ठरल्या दिवशी थांबलं. ओलान्झापिन ७.५.

दुसऱ्या एका बाईंची केस आज आली. कुणीतरी रिस्पेरिडोन आणि ट्रायहेक्सीफेनिडिल एकाच दिवशी थांबवून नवी गोळी दिली होती. हात थरथरत होते, उलट्या होत्या. ट्रायहेक्सीफेनिडिल मूळ औषध गेल्यानंतरही काही आठवडे ठेवायचं असतं आणि मग हळू उतरवायचं. तिच्या ओठांची चुळबूळ नवी आहे. अशी हालचाल बहुधा काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत ओसरते. राहिली तर टार्डिव्ह समजायचं. आधीची नोंद कुठेच नाही, त्यामुळे अंदाजच.

१७ मार्च

५ मिलिग्रॅम. वजन ८७. भावाला वाटतं फार हळू चाललंय, वहिनी म्हणते तो पुन्हा सकाळी स्वतः उठतो.

पायऱ्या खाली येताना लहान करायच्या, हे वरवर उलटं वाटतं. पण १५ वरून १० ला उतरताना डोपामिनवरची पकड फारशी सुटत नाही, ५ वरून शून्याला येताना बरीच सुटते. होरोविट्झ आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये हे नीट मांडलं. आमच्या रुग्णात डोपामिनची बाजू अरिपिप्राझोल सांभाळतंय, पण हिस्टामिनवर ओलान्झापिनची पकड अगदी कमी डोसलाही असते. म्हणून झोपेचा खरा हिशेब शेवटच्या ५ मिलिग्रॅममध्ये होतो.

४ एप्रिल

३१ मार्चला २.५ केलं. आज दोघेही आले. झोप चार तास, चिडचिड. आणि काल त्याने विचारलं, "साहेब कोणाशी बोलत होते?" हा प्रश्न खिडकीच्या जवळचा आहे. आता मात्र मी थांबलो.

सगळं नव्याने विचारलं. गोळ्या चुकल्या का? नाही. दारू? नाही. विडी? गप्प. मग भाऊच म्हणाला, रात्रपाळीत झोप येत नाही म्हणून आठवडाभर पुन्हा ओढतोय, दिवसाला बंडल.

उत्तर इथेच होतं. विडी-सिगरेटचा धूर यकृतातलं एक एन्झाइम वाढवतो आणि ओलान्झापिन लवकर नष्ट होतं. निकोटिनमुळे नाही, धुरामुळे. म्हणून मळलेल्या तंबाखूने काही बिघडलं नव्हतं. आम्ही कागदावर ५ वरून २.५ केलं, रक्तात पातळी त्याहून खूप खाली गेली. अरिपिप्राझोलवर धुराचा असा परिणाम नाही.

परत ५ वर आणलं, आठ दिवस त्याच जागी. अरिपिप्राझोल १५ केलं नाही, अकाथिसियाचा धोका आहे आणि एका वेळी एकच गोष्ट. क्लोनाझेपाम पुन्हा पाच रात्री. रात्रपाळी महिनाभर नको, असं पत्र मालकाच्या नावाने. विडी सुटली तर उत्तम, पण सोडलीच तर मला आधी सांगायचं, कारण तेव्हा पातळी उलट वाढेल.

७ एप्रिल

तीन दिवसांत झोप सहा तास, तो प्रश्न पुन्हा नाही. इतक्या लवकर आणि इतकं पूर्ण सावरणं म्हणजे रिबाउंड, आजार उलटला असता तर असं झालं नसतं. तरी चादरीची खूण भाऊ रोज बघणार आहे.

२१ एप्रिल

पुन्हा २.५. रात्रपाळी नाही. विडी दिवसाला दोन-तीन. दिवसाआड गोळी देऊन संपवू का, असं एका निवासी डॉक्टरने विचारलं. ३० तासांच्या अर्धायुकालाला दिवसाआड डोस म्हणजे पातळीचे झोके. त्यापेक्षा २.५ वर तीन आठवडे राहणं परवडतं.

१२ मे

ओलान्झापिन बंद. दोन रात्री झोप कमी होईल, मग सावरेल, हे आधीच सांगून ठेवलं. क्लोनाझेपाम जवळ ठेवलं आहे, लागलं तरच. वजन ८५. प्रोप्रॅनोलोल दोन आठवड्यांनी एकेक गोळी कमी करायची. पुढची भेट जूनच्या पहिल्या आठवड्यात, एचबीए१सी ऑगस्टमध्ये. अरिपिप्राझोल १० सकाळी, चालू.