विहिरीत पाणी किती?

कासुर्डीत मी दहावीच्या मुलांना गणित शिकवतो. उन्हाळा तोंडावर आला होता. शेजारचे तात्या वहीवर पेन ठेवून म्हणाले, "सर, विहिरीत पाणी किती आहे तेवढं काढून द्या." लिटर हवेत की घनफूट, किती नेमकं हवंय, काहीच सांगितलं नाही. मी दोन विद्यार्थ्यांना घेऊन विहिरीवर गेलो.

एरवी खोली परसात सांगतात, पण परस माणसागणिक बदलतो. म्हणून दोरीला दगड बांधून सोडला: पाणी 12 फूट. काठावर टेप धरला: व्यास 30 फूट. त्रिज्येचा वर्ग गुणिले पाय गुणिले खोली. एकाने पाय 22/7 घेतला, उत्तर 8485.714286 घनफूट. दुसऱ्याने कॅल्क्युलेटरवरचा पाय घेतला, उत्तर 8482.3001. दोघं भांडायला लागले, बरोबर कोणाचं?

मी म्हटलं, दोघांत फरक सुमारे साडेतीन घनफुटांचा, म्हणजे शंभरेक लिटरचा. आता दोरीकडे बघा. ओली खूण अर्धा फूट इकडे-तिकडे असू शकते, आणि अर्धा फूट पाणी म्हणजे इथे दहा हजार लिटर. विहीरही अगदी गोल नाही. मग त्यांना दोन टोकं काढायला लावली. व्यास 29.5 आणि खोली 11.5 धरली तर सव्वादोन लाख लिटरच्या जरा खाली, 30.5 आणि 12.5 धरली तर दोन लाख साठ हजारांच्या आसपास. दशांश चिन्हापुढचे आकडे सोडाच, आमच्या उत्तराचे लिटर केले तर येणाऱ्या 2.4 लाखातला चारसुद्धा पुरता पक्का नव्हता.

तेव्हा तात्यांना विचारलं, "आकडा कशासाठी हवाय?" म्हणाले, "एकरभर कांदा आहे. किती दिवस पुरेल?" कांद्याला दिवसाला 5 मिलिमीटर पाणी धरलं. एका एकरावर 1 मिलिमीटर म्हणजे सुमारे 4 हजार लिटर, म्हणून रोजचे 20 हजार. 2.4 लाखाला 20 हजारांनी भागलं की 12 दिवस. दोन्ही टोकं धरली तर 11 ते 13. झऱ्याची आवक यात धरलेली नाही, आणि फूटव्हॉल्वखालचं पाणी उपसताच येत नाही. म्हणून मी 11 दिवसच सांगितले. तात्यांना लिटर नको होते, दिवस हवे होते.

त्या मुलांना मी जे सांगितलं तेच इथे सांगतो. प्रश्नात एकक नसेल तर विचारा; विचारता येत नसेल तर दिलेल्या मापांचंच एकक ठेवा आणि ते उत्तरापुढे लिहा. मधल्या पायऱ्यांत आकडे छाटू नका, शेवटी एकदाच छाटा. आणि सगळ्यांत ढोबळ मापाइतकेच अंक ठेवा. विहिरीच्या उत्तरात ते दोन होते.